मिक्सर गुरगुरतो पण भांड्यातलं पातं फिरत नाही: कपलर झिजलाय का, कसं ओळखायचं आणि कसा बदलायचा

बटण फिरवलं की मिक्सरचा आवाज येतो, पण भांड्यातले शेंगदाणे जागचे हलत नाहीत. असं झालं की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: "मोटर गेली." मोटर खरोखर गेलेली असती तर आवाजच आला नसता, किंवा जळका वास आला असता. आवाज येतोय आणि पातं थांबलंय, तर पहिला संशय मोटर आणि भांडं यांना जोडणाऱ्या दातेरी तुकड्यावर घ्यायचा. त्यालाच कपलर म्हणतात. बहुतेक मिक्सरचा कपलर शंभर-दीडशे रुपयांच्या आत मिळतो आणि बदलायला अर्धा तास पुरतो. मात्र तो का झिजला हे न बघता नुसता नवा बसवला, तर दोन-तीन महिन्यांत तोही तसाच होतो. म्हणून खालच्या क्रमानेच जा.

1. कपलर म्हणजे नेमकं काय

मिक्सरवरून भांडं उचला. मधोमध वर आलेला, तीन, चार किंवा सहा दाते असलेला तुकडा दिसेल. हा मोटरचा कपलर. भांडं उलटं करा, खाली तसाच दुसरा तुकडा आहे. हा भांड्याचा कपलर. भांडं बसवलं की दोघांचे दाते एकमेकांत अडकतात आणि मोटरची फिरकी पात्यापर्यंत जाते. दोघांमध्ये स्क्रू किंवा खिळा काही नसतो, सगळा भार दात्यांच्या कडांवर येतो.

मिक्सरची मोटर रिकामी असताना मिनिटाला 18,000 ते 20,000 फेरे घेते. एवढ्या वेगात पातं एखाद्या हळकुंडाला अडलं, तर तो हिसका कुठेतरी जायलाच हवा. तो मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, जाऊ नये म्हणून दोनपैकी निदान एक कपलर नायलॉनचा, प्लास्टिकचा किंवा कडक रबराचा ठेवतात. आधी तो झिजावा किंवा तुटावा, महागडी मोटर वाचावी, अशीच ही रचना आहे. त्यामुळे झिजलेला कपलर हे मिक्सर वाईट असल्याचं लक्षण मानू नका.

2. आधी आवाज नीट ऐका

"गुरगुरतो" हा शब्द आपण दोन वेगवेगळ्या आवाजांना वापरतो. त्यांचा फरक कळला की अर्धं काम झालं.

पहिला आवाज चढा असतो, सूंऽऽ असा. मोटर मोकळी पळतेय, तिच्यावर भार नाही, हे कानाला कळतं. मधूनच कडकड वाजतं, पातं एखादा हिसका घेतं आणि थांबतं, जळक्या रबरासारखा वास येतो. ही कपलर घसरण्याची खूण आहे. मोटर फिरतेय, पण दाते एकमेकांवरून सटकतायत.

दुसरा आवाज खालच्या पट्टीतला, दबलेला हूंऽऽ. मोटर स्वतःच फिरत नाहीये, जागच्या जागी ताण घेतेय. इथे दोन सेकंदांत बटण बंद करा. अडलेल्या मोटरमधून नेहमीपेक्षा किती तरी जास्त करंट जातो आणि वायंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापायला वेळ लागत नाही. या आवाजात कपलरचा दोष नसतो. भांड्याचं पातं जाम झालंय, मोटरचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी, धरलाय, किंवा व्होल्टेज फार कमी आहे. संध्याकाळी वाड्या-वस्त्यांवर दिवे मंद होतात, त्या वेळी असं झालं तर रात्री उशिरा रिकाम्या भांड्यावर पुन्हा बघा.

अजिबात आवाज नसेल तर मिक्सरच्या बुडाला असलेलं लाल बटण बघा. जास्त भाराने ते उडतं. पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या आणि दाबा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे चाळीसच्या वर पारा असताना वर्षभराचा काळा मसाला आणि येसर दळायला घेतात, तेव्हा हे बटण लवकर उडतं. तो बिघाड नाही, ते बटण त्यासाठीच आहे.

एक सावधगिरी: पंखा गुरगुरून फिरत नसेल तर कंडेन्सर बदलतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मिक्सरची मोटर कार्बन ब्रशवर चालणारी असते, तिला सुरू व्हायला पंख्यासारखा कंडेन्सर लागत नाही. "कंडेन्सर गेलाय" असं कोणी सांगून पैसे मागितले, तर ते काम थांबवा.

3. लागणारं सामान

फार काही नाही: मोठा आणि मध्यम स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, जुना जाड टॉवेल, मार्कर पेन, जुना टूथब्रश, पांढरं व्हिनेगर किंवा लिंबू, आणि मेडिकलच्या दुकानातून लिक्विड पॅराफिनची लहान बाटली. मोबाइल जवळ ठेवा, खोलताना फोटो काढायला.

कागदांत खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा. वॉरंटी चालू असेल तर बुडाचे स्क्रू खोलू नका. खोलल्याची खूण दिसली की कंपनीचा माणूस हात वर करू शकतो. भांडी बदलून बघणं आणि वरून तपासणं एवढं मात्र बिनधास्त करा.

आणि पुढच्या प्रत्येक पायरीआधी पिन सॉकेटमधून काढा. बटण शून्यावर आहे एवढ्यावर विसंबू नका. हात पात्याजवळ असणार आहे.

4. दोष मोटरच्या कपलरचा की भांड्याच्या?

यासाठी स्क्रू खोलायची गरज नाही. मिक्सरसोबत दोन-तीन भांडी असतात, त्यांचाच उपयोग करा. प्रत्येक भांड्यात अर्धा कप पाणी घाला, झाकण लावा, पिन जोडून पाच सेकंद चालवा. सगळीच भांडी घसरत असतील तर मोटरचा कपलर गेलाय. एकच भांडं घसरत असेल तर त्या भांड्याखालचा कपलर तरी झिजलाय, नाहीतर त्याचं पातं जड झालंय.

पाण्यावर सगळं ठीक चाललं आणि शेंगदाण्यावर घसरलं, तर कपलर अर्धवट झिजलेला आहे. पाण्याचा भार इतका कमी असतो की गोल झालेले दातेही तो ओढून नेतात.

आता पिन काढून डोळ्यांनी बघा. चांगल्या दात्याची कड उभी आणि टोकदार असते, नखाने चाचपली तर नख अडकतं. झिजलेल्या दात्यावरून नख घसरून जातं. झीज बहुधा दात्याच्या एकाच बाजूला दिसते, कारण मोटर एकाच दिशेने ढकलते. कपलरभोवती काळी भुकटी जमली असेल तर तो कपलरचाच चुरा आहे.

5. वरून ठणठणीत दिसणारा कपलर

इथे बहुतेक जण फसतात. दाते नवे कोरे, तरी पातं फिरत नाही, म्हणून मिक्सर "मोटर बघा" म्हणत दुकानात जातो.

बऱ्याच कपलरच्या पोटात धातूचा गाभा असतो. शाफ्टवरचे आटे त्या गाभ्यात बसतात आणि बाहेरचं प्लास्टिक त्याच्यावर ओतलेलं असतं. तापून तापून प्लास्टिकची गाभ्यावरची पकड सुटते. मग शाफ्ट फिरतो, गाभा फिरतो आणि प्लास्टिक जागीच राहतं. बाहेरून काहीच दिसत नाही.

हे पकडायला मार्कर पुरतो. पिन काढलेली असताना शाफ्टचं टोक किंवा धातूचा गाभा यावरून सुरू होऊन प्लास्टिकच्या दात्यापर्यंत जाईल अशी एकच सरळ रेघ ओढा. भांडं बसवा, मूठभर शेंगदाणे घाला, पिन जोडून तीन-चार सेकंद चालवा. पुन्हा पिन काढा, भांडं उचला आणि रेघ बघा. रेघ अखंड असेल तर कपलर पकडून आहे. मधोमध तुटून दोन तुकडे वेगवेगळ्या जागी गेले असतील, तर प्लास्टिक गाभ्यावर फिरलंय आणि कपलर बदलायलाच हवा. भांड्याच्या कपलरवरही हीच खूण चालते.

फेविक्विक किंवा एम-सील लावून तो चिकटवू नका. पहिल्या जड वाटणाला तो पुन्हा सुटतो, आणि आट्यांत गेलेला गोंद नवा कपलर बसू देत नाही.

6. कपलर बदलण्याआधी भांड्याचं पातं हाताने फिरवून बघा

भांडं उलटं धरा आणि खालचा कपलर दोन बोटांनी फिरवा. तो हलका फिरायला हवा, बोटाने टिचकी दिली तर थोडा पुढे जायला हवा. चिमटीत घट्ट धरून जोर लावावा लागत असेल, तर कपलर खाणारा खरा चोर सापडला.

पात्याचा दांडा भांड्याच्या बुडातल्या बुशमधून खाली येतो. या बुशमध्ये वाटणाचं पाणी, मीठ आणि मसाला थोडा थोडा उतरतो आणि वाळून घट्ट होतो. आपल्याकडे त्यात बोअरच्या पाण्याची भर पडते. लातूर, बीड, धाराशिवकडच्या जड पाण्याने बादलीवर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर येतो, तोच इथे बुशभोवती बसतो. भांडं धुऊन सरळ उभं ठेवलं की बुडात राहिलेलं पाणी रात्रभर तिथेच मुरतं.

हे काढायला भांडं उलटं ठेवा, बुशभोवतीच्या खळग्यात कोमट व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला आणि वीस मिनिटं थांबा. ब्रशने घासा, कपलर हाताने पुढे-मागे फिरवत राहा, धुऊन कोरडं करा. दोन-तीन वेळा करावं लागेल. मग दांडा बुशमध्ये शिरतो त्या फटीत खालच्या बाजूने लिक्विड पॅराफिनचा एकच थेंब सोडा आणि फिरवा. खोबरेल तेल नको, थंडीत थिजतं. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेलही नको, काही आठवड्यांत चिकट होतं आणि बुश पुन्हा धरतो. मोटरचं किंवा गाडीचं ऑइल तर मुळीच नको, भांड्यात अन्न जातं. तेल दिल्यावर भांड्यात साबणाचं पाणी घालून एकदा चालवा आणि धुऊन टाका.

एवढं करूनही पातं जडच असेल, किंवा उलट ते बोटाने डावी-उजवीकडे हलत असेल आणि भांड्याखाली काळपट ओल येत असेल, तर बुश संपलाय. तो दाबून बसवलेला असतो, घरी ठोकून काढायच्या भानगडीत पडू नका. दुकानात बुशसह पात्याचा सेट बदलून घ्या. खालून गळणारं भांडं तसंच वापरलं तर ते पाणी मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरतं आणि खर्च एकदम वाढतो.

7. कपलर सुटतो कोणत्या दिशेने

चुकीच्या दिशेने जोर लावून कपलर आणखी आवळणं किंवा आटे मारून टाकणं, ही घरगुती दुरुस्तीतली सगळ्यात नेहमीची चूक आहे. नियम मात्र सोपा आहे. चालताना कपलर सुटू नये, उलट आपोआप आवळला जावा, असेच त्याचे आटे काढलेले असतात.

आधी मोटर कुठल्या दिशेने फिरते ते बघा. भांडं न ठेवता क्षणभर चालवून बंद करा, कपलर थांबता थांबता दिशा दिसते. भांड्याशिवाय मोटर सुरू होत नसेल तर पात्याकडे बघा, धारदार कड ज्या बाजूला पुढे आहे ती फिरण्याची दिशा.

मोटरचा कपलर मोटर फिरते त्याच दिशेने फिरवला की सुटतो. भांड्याचा कपलर त्याच्या उलट दिशेने सुटतो. पण भांडं आपण उलटं करून धरतो, त्यामुळे डोळ्यांना दिशा पालटलेली दिसते. म्हणून असं लक्षात ठेवा: कपलर तुमच्याकडे तोंड करून असेल, तर दोन्ही कपलर डोळ्याला एकाच दिशेने सुटताना दिसतात, आणि ती दिशा मोटर वरून बघताना फिरते तीच. बऱ्याच मिक्सरमध्ये ती घड्याळाच्या काट्यांची असते, म्हणजे नेहमीच्या नट-बोल्टच्या उलटे आटे. तरी गृहीत धरू नका, आपल्या मिक्सरची दिशा बघूनच जोर लावा.

काही मॉडेलमध्ये कपलर आट्यांवर नसतो, मधोमध स्क्रूने धरलेला किंवा चौकोनी दांड्यावर दाबलेला असतो. मध्ये स्क्रू दिसला तर आधी तो काढा.

8. जुना काढा, नवा बसवा

मोटरच्या कपलरसाठी शाफ्ट धरून ठेवावा लागतो, नाहीतर दोन्ही एकत्रच फिरतात. मिक्सर उलटा करा, बुडाचे स्क्रू काढून झाकण बाजूला घ्या. बऱ्याच मोटरच्या शाफ्टच्या खालच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर बसेल अशी खाच असते. त्यात स्क्रू-ड्रायव्हर धरा आणि दुसऱ्या हाताने, टॉवेलमध्ये गुंडाळून पकडीने कपलर फिरवा. खाच नसेल तर शाफ्टच धरा. हवेच्या जाळीतून स्क्रू-ड्रायव्हर खुपसून मोटर अडवायचा प्रकार करू नका. वायंडिंगची तार तांब्याची आणि केसासारखी बारीक असते, तिला एक ओरखडा पुरतो आणि मग खरोखरच मोटर जाते.

कपलर हटत नसेल तर आट्यांवर एखादा थेंब तेल सोडून अर्धा तास थांबा. कपलरखाली धातूचा किंवा रबराचा वायसर असतो. त्याचा क्रम फोटोत पकडा. हा रबरी वायसर वरून सांडलेलं पाणी बेअरिंगपासून दूर ठेवतो, नवा कपलर बसवताना तो राहून गेला तर पुढचं नुकसान मोठं.

भांड्याच्या कपलरसाठी पातं जाड टॉवेलने आतून घट्ट धरा आणि कपलर पकडीने फिरवा. उघड्या हाताने पातं धरू नका, सुटताना ते अचानक फिरतं.

दुकानात जुना कपलर सोबत न्या, नुसतं कंपनीचं नाव सांगू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे कपलर वेगळे निघतात. दात्यांची संख्या, बाहेरची रुंदी, उंची आणि आट्यांची दिशा शेजारी ठेवून जुळवा. उंची विशेष बघा. नवा कपलर उंच असेल तर भांडं नीट टेकत नाही आणि फिरवून लॉक होत नाही. बुटका असेल तर दात्यांची फक्त टोकं एकमेकांना लागतात आणि तो महिनाभरात झिजतो.

नवा कपलर आधी हातानेच आट्यांवर चढवा. पहिल्या दोन फेऱ्यांत तो अडला तर आटे वाकडे लागलेत, काढून पुन्हा लावा. शेवटी शाफ्ट धरून हाताच्या जोराने आवळा. पकडीने करकचून आवळायची गरज नाही, चालताना तो आपण होऊन बसतो.

दाते किती खोल अडकतात हे बघायला मोटरच्या कपलरच्या दात्यांना ओला खडू लावा, भांडं ठेवून लॉक करा आणि उचला. भांड्याच्या कपलरवर खडूची खूण दात्याच्या निम्म्याहून जास्त उंचीवर दिसायला हवी. नुसत्या टोकावर दिसली तर कपलर चुकीचा आहे, तो परत करा.

9. एक उदाहरण सगळ्या पायऱ्यांसकट

750 वॅटचा मिक्सर, तीन भांडी. चटणीचं भांडं ठीक चालतं. मोठ्या भांड्यात पाणी घातलं तर पातं फिरतं, पण भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली की सूंऽऽ आवाज चढतो आणि डाळ जागची हलत नाही. आवाज चढा, म्हणजे मोटर मोकळी. एक भांडं चालतंय, म्हणजे मोटरचा कपलर बहुधा शाबूत. मोठं भांडं उलटं केलं तर दात्यांच्या एका बाजूच्या कडा गोल झालेल्या, आणि कपलर बोटांनी फिरवायला जड. बुशभोवती पांढरा थर.

इथे फक्त कपलर बदलला असता तर जड पात्याने तोही खाल्ला असता. म्हणून आधी व्हिनेगरने बुश मोकळा करायचा, पातं टिचकीने फिरायला लागल्यावरच भांड्याचा नवा कपलर लावायचा. मोटरच्या कपलरवर नख अडकत असेल तर तो राहू द्या. त्याचीही कड थोडी गोल झाली असेल तर दोन्ही एकदम बदला, कारण जुन्या गोल दात्यावर नवे दाते लवकर झिजतात.

10. चालू करताना

पहिल्यांदा रिकाम्या भांड्यावर दहा सेकंद, मग अर्धा कप पाण्यावर अर्धा मिनिट. भांडं उचलून खाली ओल किंवा चुरा दिसतो का बघा. मग मूठभर शेंगदाणे, आणि आवाज भाराखाली थोडा खाली उतरतो का ऐका. उतरला तर मोटर पात्याला ओढतेय. चढाच राहिला तर कुठेतरी अजून घसरतंय, पुन्हा रेघेची खूण करा.

पुढे दोन सवयी पाळा. मिक्सर चालू असताना भांडं चढवू किंवा उतरवू नका, एका फटक्यात दात्यांची टोकं उडतात. आणि हळकुंड, सुंठ, खोबऱ्याची वाटी अख्खी टाकू नका, खलबत्त्यात ठेचून तुकडे करा आणि भांडं निम्म्याच्या वर भरू नका.

नवा कपलर लावूनही दबलेला हूंऽऽ आवाज येत असेल, भांडं काढून मोटरचा कपलर हाताने फिरत नसेल, किंवा जाळीतून मोठ्या ठिणग्या आणि वार्निश जळाल्याचा वास येत असेल, तर काम मोटरचं आहे. तिथे मिक्सर दुकानात न्या आणि तुम्ही काय काय तपासलं ते सांगा, म्हणजे कपलरचे पैसे पुन्हा लागणार नाहीत.